नैवेद्य दाखवतात, तीर्थ घेतात, प्रसाद मिळतो

काकू, आमच्या सोसायटीत दर श्रावणात सत्यनारायण असतो. यंदा दीडशे माणसं येतील आणि माइकवर बोलायचं काम माझ्याकडे आलंय. गेल्या वर्षी पार गोंधळ उडाला. आरती व्हायच्या आधीच मुलांनी नैवेद्यातली केळी उचलली. पंचामृताला कुणी तीर्थ म्हणत होतं, कुणी प्रसाद. तीर्थाचा हात डोक्याला पुसायचा की धुवायचा, यावरून दोन आजोबांचं चांगलंच वाजलं. नैवेद्य, प्रसाद आणि तीर्थ यांतला फरक सांगणारं आणि ते कसं घ्यायचं हे समजावणारं निवेदन लिहून द्याल का? मलाच ते नीट माहीत नाही, म्हणून विचारायलाही संकोच वाटतो.
— एक वाचक, डोंबिवली

माझ्या लेकीच्या वयाची असशील असं धरून तुला ‘तू’ म्हणते. निवेदन देते, पण ते एका दमात वाचायचं नाही. सुरुवातीलाच तीनही गोष्टी सांगितल्यास, तर प्रसादाच्या रांगेत उभं राहीपर्यंत कुणाच्या काही लक्षात राहणार नाही. तीन वेळा उठायचं, प्रत्येक वेळी मिनिटभर बोलायचं आणि बसायचं. माझे वडील गावात पौरोहित्य करत. तेही असंच करायचे, जो विधी समोर चालू असेल त्याच्याबद्दलच दोन वाक्यं.

फरक लक्षात ठेवायला आपल्या भाषेतली क्रियापदंच पुरेशी आहेत. नैवेद्य आपण ‘दाखवतो’. तो कुणी खात नाही. प्रसाद ‘मिळतो’, तीर्थ ‘घेतो’. शिरा तोच, वाटीही तीच. देवापुढे जाताना तो नैवेद्य असतो आणि देवाकडून परत येताना प्रसाद. तीर्थ मात्र वेगळं, ते देवाला जेवायला वाढलेलं नसतंच. देवाला घातलेल्या स्नानाचं ते पाणी. म्हणून त्याला पादोदक म्हणतात, पायांवरून आलेलं पाणी.

बहुतेक ठिकाणी पूजेत नैवेद्य, मग कथा, मग आरती आणि मंत्रपुष्पांजली, आणि शेवटी तीर्थप्रसाद असा क्रम असतो. तुमच्या गुरुजींचा क्रम आदल्या दिवशी विचारून घे आणि नैवेद्याच्या जरा आधी तुला खूण करायला सांग. तेव्हा उठून हे म्हण:

“मंडळी, आता गुरुजी देवाला नैवेद्य दाखवणार आहेत. चौरंगापुढचं ताट या घटकेला देवाचं आहे. घरी आलेला पाहुणा जेवायला बसला की आपण त्याच्या ताटातलं काही उचलत नाही, तसंच हे. दोन मिनिटं शांत बसू या, हात जोडू या, मुलांना जवळ घेऊ या. आरतीनंतर हेच ताट प्रसाद होऊन आपल्या सगळ्यांकडे येणार आहे. तोवर फळांना, केळ्यांना, शिऱ्याला कुणी हात लावू नये, ही विनंती.”

पाहुण्याची उपमा मी शोभेला घातलेली नाही. नैवेद्याचा विधी खरोखरच पंगतीत वाढण्याचा विधी आहे, आणि हे कळलं की मुलंसुद्धा थांबतात. गुरुजी काय करतात ते या वेळी नीट बघ. देवापुढे जमिनीवर पाण्याने चौकोन काढतात, त्यावर ताट ठेवतात. तुळशीच्या पानाने ताटावर पाणी शिंपडतात, ताटाभोवती पाणी फिरवतात. आपले आजोबा जेवायला बसताना चित्राहुती घालून पानाभोवती पाणी फिरवायचे, ते हेच. मग ‘प्राणाय स्वाहा, अपानाय स्वाहा’ असं म्हणत पाच प्राणांच्या नावाने घास दिले जातात. मधे प्यायला पाणी दिलं जातं, पुन्हा घास. शेवटी उत्तरापोशन म्हणजे जेवण संपल्याचं पाणी, मग हात धुवायला, चूळ भरायला पाणी, हातांना चोळायला चंदन आणि विडा. विडा दिला की देव पानावरून उठले. त्याआधी केळं उचलणं म्हणजे जेवणाऱ्याच्या पुढ्यातलं उचलणं.

याच कारणाने नैवेद्याच्या पदार्थाची चव आधी बघत नाहीत. सत्यनारायणाच्या शिऱ्याला ती अडचण फारशी येत नाही, कारण त्याचं माप ठरलेलं असतं. कथेत ‘सपाद’ असा शब्द आहे, सपाद म्हणजे सव्वा. रवा, साखर आणि तूप तिन्ही सव्वा-सव्वा किलो, दूध त्याच्या दुप्पट आणि केळी, एवढं घेतलंस तर सहा किलोच्या आसपास शिरा होतो. दीडशे जणांना प्रत्येकी चाळीस ग्रॅम धरले तर सहाच किलो लागतो. म्हणजे सव्वा किलोचं माप तुमच्या सोसायटीला बरोबर पुरेल, पण दोनदा घेणारे असतील तर पुरणार नाही. मग अडीच किलो रवा घ्यावा की काय, असं कुणीतरी म्हणेल. सव्वाच्या पटीत घ्यायची रीत आहे आणि अडीच ही सव्वाची दुप्पट, तेव्हा चालेल.

इथे एक प्रश्न हमखास येतो: देवापुढे वाटीभर शिरा ठेवला, मग स्वयंपाकघरातल्या पातेल्यातला उरलेला शिरा प्रसाद झाला का? आमच्या घरची रीत सांगते. आरती झाली की नैवेद्याच्या वाटीतला शिरा त्या मोठ्या पातेल्यात घालून वरखाली करायचा. मग सगळं पातेलं प्रसाद. हे काम एका माणसाला नेमून दे, नाहीतर नैवेद्याची वाटी चौरंगापाशीच राहते आणि पातेलं परस्पर वाटलं जातं. मी हे अनेक ठिकाणी पाहिलंय आणि दर वेळी जीव चुटपुटला आहे.

आता पंचामृत. त्याला तीर्थ म्हणणारे आणि प्रसाद म्हणणारे, दोघेही बरोबर आहेत, फक्त दोघं वेगवेगळ्या भांड्यांबद्दल बोलत होते. दूध, दही, तूप, मध, साखर एकत्र करून पंचामृत होतं. त्यातलं थोडं बाळकृष्णावर किंवा शाळिग्रामावर घालतात. ताम्हणात जे ओघळून जमतं ते तीर्थ. स्नानानंतर देवाची छोटी पूजा होते आणि तिच्यात वाटीत उरलेल्या पंचामृताचाच नैवेद्य दाखवतात. ते वाटीतलं म्हणजे प्रसाद. पुढे वाटताना दोन्ही एकत्र केलं जातं आणि मग नावांची सरमिसळ होते. तुला माइकवर एकच शब्द वापरायचा असेल तर ‘तीर्थ’ म्हण, कारण ते पळीने, तळहातावर, तीर्थाच्या रीतीनेच दिलं जातं.

तीर्थाच्या बाबतीत थोडी तयारी आधीपासून हवी, आणि इथे मी जरा हट्टी आहे. पंचामृतात दही असतं, म्हणजे आंबटपणा आला. ते तांब्याच्या भांड्यात किंवा कल्हई नसलेल्या पितळेच्या भांड्यात तास न् तास ठेवू नये, आंबटाने तांबं त्यात उतरतं. कळकट हिरवट झाक आली किंवा जिभेला कडसर लागलं, तर ते भांडं बाजूला ठेवायचं आणि कुणालाही त्यातलं द्यायचं नाही. ताम्हण तांब्याचंच असणार, त्याला हरकत नाही, पण अभिषेक झाला की त्यातलं तीर्थ लगेच चांदीच्या, स्टीलच्या किंवा काचेच्या भांड्यात काढून घे. आणि ते देवाला हळद, कुंकू, गुलाल वाहण्याच्या आधी काढ. पूजेचा क्रमच असा आहे की मुख्य स्नान आधी आणि वस्त्र, गंध, हळदकुंकू नंतर. जुन्या लोकांनी क्रम जपला तर तीर्थ आपोआप स्वच्छ राहतं. हल्लीच्या कुंकवात आणि गुलालात काय रंग घातलेला असतो ते आपल्याला माहीत नसतं, ते पोटात जायला नको.

दीडशे माणसांना किती लागेल? संध्येची पळी साधारण चहाच्या चमच्याएवढी, म्हणजे पाच मिलिलिटर. दीडशे पळ्या म्हणजे पाऊण लिटर. एक लिटर कर. पूजेपुरतं वाटीभर बाहेर ठेव, बाकीचं झाकून फ्रीजमध्ये. आरती सुरू झाली की ते काढायचं आणि त्यात देवावरून आलेलं तीर्थ मिसळायचं. सकाळी नऊला केलेलं पंचामृत उकाड्यात दुपारी एकपर्यंत हॉलमध्ये उघडं राहिलं तर त्याचा वास बदलतो, आणि देवाचं आहे म्हणून कुणी बोलत नाही. मध आणि तूप सारख्या मापाने घालू नये असं आयुर्वेद सांगतो. मध चमचाभर तर तूप अर्धा चमचा, असं घातलंस की झालं.

मधावरून आणखी एक गोष्ट, ही मात्र माइकवर सांगायलाच हवी. एक वर्षाच्या आतल्या बाळाला मध देत नाहीत. मधात बॉट्युलिझमच्या जंतूंची बीजं असू शकतात. मोठ्यांच्या आतड्यांत ती वाढत नाहीत, पण तान्ह्या बाळाच्या आतड्यांत वाढून विष तयार करतात. बाळ सुस्त पडतं, दूध ओढत नाही, मान टाकतं. आजी मोठ्या प्रेमाने बाळाच्या ओठाला पंचामृताचं बोट लावते, तिला आधीच सांगितलं तर ती दुखावणार नाही. बाळाच्या कपाळाला देवाचा अंगारा किंवा गंध लाव, बाळाला देवाचं काही कमी पडत नाही.

मंत्रपुष्पांजली झाल्यावर, रांग लागण्याआधी, तू दुसऱ्यांदा उठायचंस:

“आता आधी तीर्थ, मग प्रसाद. उजवा तळहात वाटीसारखा करा, मधोमध थोडा खोलगट भाग येऊ द्या. डावा हात त्याच्या खाली धरा, हातात रुमाल असेल तर उत्तम, म्हणजे थेंब जमिनीवर सांडणार नाही. तीर्थ हातात आलं की तिथेच, उभ्या उभ्या, आवाज न करता घ्या. पुढे एका बाजूला हात धुवायची सोय केली आहे. पंचामृतात मध आणि दूध आहे. एक वर्षाच्या आतल्या बाळांना ते देऊ नये. ज्यांना मधुमेह आहे त्यांनी ‘थेंबभर’ म्हणून सांगावं. ज्यांना घ्यायचं नसेल त्यांनी नमस्कार करून पुढे यावं.”

तीर्थ घेताना म्हणायचा श्लोक बहुतेकांना पाठ असतो: ‘अकालमृत्युहरणं सर्वव्याधिविनाशनम् । विष्णुपादोदकं तीर्थं जठरे धारयाम्यहम् ॥’ गुरुजी तो एकदा मोठ्याने म्हणतील, प्रत्येकाने म्हणायची गरज नाही, नाहीतर रांग हलणार नाही. त्याचा अर्थ मात्र सांगण्यासारखा आहे, कारण त्यातच तीर्थ घेण्याची रीत आहे. ‘जठरे धारयामि’, मी हे पोटात धारण करतो. म्हणजे तीर्थ प्यायचं असतं. डोक्यावर शिंपडणं ही प्रोक्षणाची गोष्ट, तो वेगळा उपचार. कुणाकुणाच्या घरी तीनदा तीर्थ घ्यायची पद्धत आहे. दीडशे माणसांत एकदा पुरे.

आणि आता त्या दोन आजोबांचं भांडण. एकाचं म्हणणं असणार, तीर्थाचा हात टाकायचा नाही, डोळ्यांना आणि डोक्याला लावायचा. दुसऱ्याचं म्हणणं, ओठ लागला म्हणजे हात उष्टा झाला, उष्टा हात डोक्याला कसा लावायचा? दोन्ही रीती चांगल्या घरांतून आलेल्या आहेत. माझे वडील हे असं सोडवायचे: हात ओठांना न लावता तळहात थोडा वर करून तीर्थ तोंडात सोडायचं. मग हात उष्टा होतच नाही आणि ओलसर हात डोळ्यांना लावता येतो. हे साध्या पाण्याच्या तीर्थाला छान जमतं. पंचामृताला मात्र नाही. मध आणि साखरेचा हात केसांना पुसला तर दिवसभर केस चिकटतात, आणि तोच हात पुढे शिऱ्यात जातो. म्हणून सोसायटीत पंचामृत असेल तर हात धुवायचाच. एक बादली, तांब्या आणि खाली रिकामं घमेलं ठेव. प्यायच्या पाण्याच्या कूलरपाशी हात धुवायला लोक जातात, ते तेवढं टळेल. हे पाणी मग झाडाच्या मुळाशी घाल, मोरीत सोडू नकोस, दोन्ही आजोबांचं समाधान होईल.

मांडणीचं एवढंच लक्षात ठेव की तीर्थाचं टेबल आधी, मग हात धुवायची जागा, मग प्रसादाचं टेबल. गेल्या वर्षी तिन्ही एकाच टेबलावर असतील तर गोंधळ लोकांचा नव्हता, टेबलाचा होता.

तिसरं निवेदन सगळ्यात छोटं:

“प्रसाद दोन्ही हातांनी घ्या. द्रोणात घेतला तरी दुसरा हात खाली धरा. शिऱ्यात काजू-बेदाणे आहेत, ज्यांना त्रास होतो त्यांनी सांगा. जेवढा खाल तेवढाच घ्या, घासभरही पूर्ण प्रसाद असतो. घरी असलेल्या आजारी, वृद्ध माणसांसाठी मागून न्या. वाढणारे सगळे आपलेच आहेत, आणि इमारतीचे रखवालदार, सफाईचे कर्मचारी, वरच्या मजल्यावर काम करणारे कारागीर यांना बोलावून घेण्याची जबाबदारी प्रत्येकाची.”

शेवटचं वाक्य वाचायला विसरू नकोस. सत्यनारायणाच्या कथेचा पाचवा अध्याय त्याच्यासाठीच आहे असं मला वाटतं. तुंगध्वज राजा शिकारीहून येताना वडाच्या झाडाखाली गुराखी पूजा करताना बघतो. ते त्याला प्रसाद आणून देतात. राजा गुराख्यांच्या हातचा प्रसाद खात नाही, तसाच टाकून जातो, आणि त्याचं सगळं वैभव जातं. ते परत कसं मिळतं? तो पुन्हा त्याच गुराख्यांकडे जातो, त्यांच्याबरोबर पूजा करतो, प्रसाद घेतो. त्याआधी कलावतीची गोष्ट आहे. नवरा परत आला म्हणून ती प्रसाद न घेता धावत बंदरावर जाते आणि नाव बुडते. घरी येऊन प्रसाद घेतल्यावर नवरा सापडतो. लोक या गोष्टींतून भीती तेवढी उचलतात, प्रसाद नाकारला तर काहीतरी होईल म्हणून. मला तुंगध्वजाच्या गोष्टीत दुसरं दिसतं. देणाऱ्याची जात, काम, कपडे बघून प्रसाद नाकारणं हा तिथला अपराध आहे. भाषेतही हेच आहे. प्रसाद म्हणजे प्रसन्नता, ज्ञानदेवांच्या पसायदानातला ‘पसाय’ तो हाच. देव संतुष्ट झाला आणि त्याने दिलं, मधे हात कुणाचा होता याला काय महत्त्व?

याची दुसरी बाजूही आहे. सोसायटीत वेगळ्या धर्माची कुटुंबं असतील, ती आनंदाने पूजेला येतील, पण देवाला दाखवलेलं खाणं त्यांच्या श्रद्धेत बसत नसेल. आग्रह करू नका, तोंडात घास भरवू नका. त्यांच्यासाठी नैवेद्याला न गेलेली बिस्किटं, चहा वेगळा ठेवलास तर त्यांना अवघडल्यासारखं होणार नाही. मधुमेही माणसालाही ‘एवढ्याने काही होत नाही’ म्हणून द्रोण भरून देऊ नये. शिताएवढा कण घेऊन बाकीचा दुसऱ्याला देता येतो. प्रसाद पुढे देण्यात कसलाच दोष नाही, द्रोण अर्धा भरलेला कचऱ्यात टाकण्यात आहे. जमिनीवर सांडलेला मात्र कुणाला खायला देऊ नका, उचलून झाडाखाली मुंग्या-पाखरांना ठेवा.

कुणी विचारलं की शंकराच्या देवळातला नैवेद्य का घेत नाहीत, तर थोडक्यात सांग. पिंडीवर प्रत्यक्ष वाहिलेलं ते चंडेश्वराचं, असं शैव परंपरा मानते, आणि आपल्याकडे गावोगावच्या शंकराच्या देवळात तो नैवेद्य गुरवांकडे जातो. ज्योतिर्लिंगांना हा नियम लागू नाही. तुमच्या पूजेशी त्याचा संबंध नाही, तिथे विष्णू आहे.

उरलेल्याचं बघ. साध्या पाण्याचं तीर्थ तुळशीला किंवा कुठल्याही झाडाला घाल. पंचामृताचं तीर्थ तुळशीच्या कुंडीत ओतू नकोस, मुंग्या लागतात आणि दह्यातुपाने माती आंबते. ते मोठ्या झाडाच्या बुंध्याशी, भरपूर पाणी घालून. वाटीत उरलेलं नैवेद्याचं पंचामृत वास घेऊन बघ. ताजं असेल तर संध्याकाळी त्यातच कणीक भिजव. पाणी घालायचं नाही, चिमूटभर मीठ, आणि तव्यावर तूप सोडून मंद आचेवर दशम्या भाज. त्यात साखर आणि मध असतो म्हणून त्या पटकन लाल होतात, आच वाढवलीस तर बाहेरून करपतील आणि आत कच्च्या राहतील. चार-पाच दशम्या होतात. दुसऱ्या दिवशी सकाळी रखवालदाराच्या चहाबरोबर दोन पाठव.